रुजू व्हायला वीस दिवस असताना बदललेली ऑफर : एक प्रकरण अभ्यास

ओळख पटू नये म्हणून व्यक्तीचं नाव, कंपन्यांची नावं आणि तारखा काढून टाकल्या आहेत. दिवस राजीनाम्यापासून मोजले आहेत, कारण या प्रकरणात सगळा खेळ दिवसांचाच होता.

## पार्श्वभूमी

उमेदवार एकतीस वर्षांची यांत्रिकी अभियंता. चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात पुरवठादारांच्या मालाची गुणवत्ता पाहण्याचं काम करते. घर पिंपरीत, नवऱ्याची नोकरीही पुण्यातच. हातात महिन्याला ६२,४०० रुपये येत. नोटीस पिरियड ६० दिवसांचा.

विजेवरच्या वाहनांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीकडून तिला भरती एजन्सीमार्फत ऑफर आली. एकूण सीटीसी १३ लाख, त्यात १२ लाख फिक्स्ड आणि १ लाख व्हेरिएबल. नेमणुकीचं ठिकाण पुणे. बेसिक फिक्स्डच्या निम्मं होतं. कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी फिक्स्डमध्येच धरली होती. पीएफचे दोन्ही वाटे, ग्रॅच्युइटी आणि व्यवसाय कर वजा करून, आयकर न धरता, हातात महिन्याला सुमारे ८५,४०० येणार होते. तिने सही केलेली प्रत ईमेलने पाठवली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. आणखी दोन कंपन्यांमध्ये मुलाखती सुरू होत्या, तिथे तिने 'आता इच्छुक नाही' असं कळवून टाकलं.

## कुणाच्या लक्षात न आलेल्या खुणा

राजीनामा स्वीकारल्याचं पत्र तिसऱ्या दिवशी मिळालं. त्यानंतर नव्या कंपनीकडून बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची लिंक यायला हवी होती. पंधरवडा उलटला तरी ती आली नाही. चोविसाव्या दिवशी तिने विचारलं, तेव्हा 'प्रोसेसमध्ये आहे' एवढंच उत्तर आलं. तिसाव्या दिवसानंतर एचआरमधल्या ज्या बाई तिच्याशी बोलत होत्या त्यांनी उत्तरं देणं बंद केलं आणि एका नव्या व्यक्तीचा मेल आला, तोही फक्त ओळख करून देणारा.

सुटी सुटी पाहिली तर यातली एकही गोष्ट मोठी नाही. पण पडताळणीवर कंपनी पैसे खर्च करते, आणि जिची जागा पक्की आहे तिच्यावरच करते. ऑफर स्वीकारून तीन आठवडे झाले आणि पडताळणी सुरूच झाली नाही, तर आत कुठेतरी ती जागा अडकली आहे असं धरून चालावं.

## अडचण

एक्केचाळिसाव्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला फोन आला. पुण्याचा प्रकल्प पुढे ढकलला आहे, पण 'आम्हाला तुम्ही हव्याच आहात, मॅडम'. जागा आता छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा इथल्या कारखान्यात. सीटीसी तेवढाच, १३ लाख, फक्त 'स्ट्रक्चर थोडं बदललंय'. रुजू होण्याची तारीख सहा आठवडे पुढे. होकार दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हवा होता.

'थोडं' म्हणजे किती, हे खोदून विचारल्यावर कळलं. फिक्स्ड १२ लाखांवरून ९ लाख ६० हजारांवर आलं होतं आणि व्हेरिएबल १ लाखावरून ३ लाख ४० हजारांवर गेलं होतं. बेरीज तीच. पण हातात येणारी रक्कम ८५,४०० वरून सुमारे ६८,३०० वर आली, म्हणजे महिन्याला १७ हजारांनी कमी. उरलेलं व्हेरिएबल वर्षाअखेरीस मिळणार होतं, कंपनीच्या निकालावर अवलंबून होतं आणि ते वाटण्याच्या दिवशी नोकरीत असलात तरच मिळणार होतं.

सध्याच्या ६२,४०० पेक्षा हे अजून सहा हजारांनी जास्त दिसत होतं. शेंद्र्याजवळ एक खोली घ्यायची तर भाडं १३,००० च्या आसपास. म्हणजे नोकरी बदलून ती दर महिन्याला सात हजारांनी मागे जाणार होती, आणि शनिवार-रविवारच्या फेऱ्यांचा खर्च वेगळा. शिवाय मधले सहा आठवडे पगार नाही. सध्याच्या पगाराच्या हिशेबाने ते ८७ हजार होतात. जुन्या कंपनीचा गटविमा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो आणि नवा रुजू झाल्यावरच लागू होतो. म्हणजे सहा आठवडे घरात कुणालाच विमा नाही. फोनवर ही बाब कुणी काढली नाही, तीही विसरली होती. ती आठवली रात्री, कागदावर आकडे मांडताना.

## फोनवर काय बोलली

इथे पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो तिने चांगला सांभाळला. होही म्हटलं नाही आणि नाहीही. 'तुमचं म्हणणं मी टिपून घेतलं आहे. बदललेल्या अटी लेखी पाठवा, वाचून तीन कामाच्या दिवसांत उत्तर देते,' एवढंच सांगून तिने फोन ठेवला.

मग तासाभरात तिने स्वतःच मेल टाकला : आज साडेपाचला आपलं बोलणं झालं, त्यात ठिकाण, फिक्स्ड-व्हेरिएबलची विभागणी आणि तारीख या तीन गोष्टी बदलत असल्याचं आपण सांगितलं, मूळ ऑफर मी अमुक तारखेला स्वीकारली आहे, माझ्याकडून काही चुकीचं ऐकलं गेलं असेल तर कृपया दुरुस्त करावं. राग नाही, आरोप नाही. अशा मेलचा उपयोग दुहेरी असतो. फोनवर सांगितलेलं नंतर कुणी नाकारू शकत नाही, आणि समोरच्याला चोवीस तासांची मुदत लेखी मांडायची लाज वाटते. दुसऱ्या दिवशी दुपारी सुधारित पत्र आलं, त्यात मुदत मंगळवारपर्यंतची होती.

मधल्या वेळात एजन्सीच्या माणसाचा फोन आला : 'घेऊन टाका मॅडम, आत गेल्यावर बघता येईल.' त्याच्या सल्ल्याला किती वजन द्यायचं हे ठरवताना एक लक्षात ठेवावं. उमेदवार रुजू झाल्याशिवाय एजन्सीला साधारणपणे तिचे पैसे मिळत नाहीत. तो वाईट माणूस नव्हता, पण त्याचा हिशेब वेगळा होता.

## कागद काय म्हणत होते

पत्राची भाषा आणि कायदा यांचा जेवढा उपयोग या प्रकरणात होता, तेवढाच इथे मांडतो.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५ प्रमाणे प्रस्ताव मागे घेता येतो, पण तो स्वीकारल्याचं कळवणं प्रस्ताव देणाऱ्याच्या बाजूने पूर्ण होण्याआधी. तिने सही करून मेल पाठवला तिथे ती वेळ संपली. त्यानंतर कंपनीने एकतर्फी नव्या अटी पुढे केल्या, तर तो नवा प्रस्ताव ठरतो. जुना करार त्याने आपोआप बदलत नाही, त्यासाठी दोघांची संमती लागते. इथवर बाजू तिची.

पण पत्रात दोन कलमं होती. एक, 'व्यवस्थापनाच्या गरजेनुसार भारतात कुठेही बदली करता येईल.' कंपनी ठिकाणाच्या बदलासाठी याकडे बोट दाखवू शकत होती, जरी पत्रात पहिल्या नेमणुकीचं ठिकाण स्पष्ट पुणे लिहिलेलं होतं. पगाराच्या विभागणीला मात्र हे कलम लागू होत नव्हतं. दोन, परिविक्षेच्या काळात कुणीही ३० दिवसांची सूचना देऊन नोकरी संपवू शकतं. हे दुसरं कलम जास्त महत्त्वाचं. विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ प्रमाणे असा करार जबरदस्तीने पाळायला लावता येत नाही, म्हणजे 'मला नोकरीवर घ्याच' असा आदेश न्यायालयाकडून मिळण्याची आशा धरू नये. उरते ती भरपाई. जो करार ३० दिवसांच्या सूचनेने संपवता येतो, त्यात भरपाईचा आकडा व्यवहारात त्या ३० दिवसांच्या पगाराभोवतीच फिरतो. इथे ती रक्कम पीएफ वगैरे वजा होण्याआधीच्या मासिक पगाराइतकी, सुमारे ९१,६०० रुपये.

करार कायद्याच्या कलम ७३ ची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. भरपाई ठरवताना नुकसान टाळण्याचे कोणते मार्ग हाताशी होते, हेही पाहिलं जातं. म्हणजे उमेदवाराने जितक्या शहाणपणाने स्वतःला सावरलं, तितका तिचा दावा लहान होतो. हे अन्यायाचं वाटतं खरं. पण म्हणूनच अशा वेळी वकिलाची नोटीस हा पहिला मार्ग नसतो. तिच्या ओळखीच्या वकिलांनीही तेच सांगितलं : कागद जपून ठेवा, दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, आज नोकरी वाचवा.

## समोरचे पर्याय

पर्याय चार होते. बदललेली ऑफर तशीच घ्यायची. मूळ अटींवर अडून बसायचं. मधला मार्ग काढून वाटाघाट करायची. किंवा ऑफर सोडून सध्याच्या नोकरीत राहण्याचा प्रयत्न करायचा.

पहिल्या रात्री तिचा कल तिसऱ्याकडे होता आणि मेलचा मसुदाही तयार होता. तो तिने पाठवला नाही, हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय. वाटाघाट करणाऱ्याच्या हातात काय आहे हे सध्याची कंपनी तिला ठेवून घेईल की नाही यावर ठरणार होतं, आणि ते अजून माहीत नव्हतं. एकोणीस दिवसांनी घरी बसणारी बाई आणि नोकरी शाबूत असलेली बाई, दोघींनी तेच वाक्य लिहिलं तरी त्याचा अर्थ वेगळा होतो. म्हणून क्रम उलटा केला : आधी जुन्या कंपनीशी बोलणं, मग नव्या कंपनीला उत्तर.

## शुक्रवारची सकाळ

खाजगी कंपनीने राजीनामा लेखी स्वीकारला की तो मागे घेणं बहुतेक वेळा कंपनीच्या मर्जीवर राहतं. राजीनामा परत मागितला तर साहेबाला एकदम हो किंवा नाही म्हणावं लागतं. तिच्या जागी माणूस शोधणं सुरू होतं, दोन मुलाखतीही झाल्या होत्या, त्यामुळे 'नाही' येण्याचा धोका मोठा होता.

म्हणून तिने लहान गोष्ट मागितली. थेट आपल्या विभागप्रमुखांकडे गेली आणि खरं ते सांगितलं : 'सर, नव्या कंपनीने अटी बदलल्या आहेत. मी तिथे बहुधा जाणार नाही. माझा शेवटचा दिवस ३० दिवस पुढे नेता येईल का? तुमच्या दोन पुरवठादारांचं ऑडिट त्याच काळात आहे, तेही मी पूर्ण करून देईन.'

पगारवाढ मागितली नाही, नव्या ऑफरचा आकडा सांगितला नाही, कंपनीला नावं ठेवली नाहीत. साहेबांनाही हे सोयीचं होतं. नवा माणूस आला तरी त्याचा स्वतःचा नोटीस पिरियड धरून तो दोन महिन्यांनी येणार होता, आणि ऑडिट कुणी करायचं हा प्रश्न त्यांच्यापुढे होताच. ते 'बघतो' म्हणाले. तोंडी होकारावर न थांबता तिने दुपारी एचआरला आणि त्यांना एकत्र मेल केला, आणि सोमवारी सकाळी 'शेवटचा कामाचा दिवस : नव्वदावा' असं लिहिलेलं उत्तर मिळवलं. पगाराच्या यंत्रणेतली तारीखही बदलून घेतली. हे राहिलं असतं तर साठाव्या दिवशी तिचा लॉगिन आपोआप बंद झाला असता आणि हिशेब पूर्ण करण्याची प्रक्रिया सुरू झाली असती. तोंडी मुदतवाढ बहुतेक वेळा इथेच फसते.

## नव्या कंपनीला उत्तर

सोमवारी दुपारी मेल गेला. मूळ इंग्रजी मेलचा आशय असा :

'आपलं सुधारित पत्र मिळालं. मूळ ऑफर मी विहित मुदतीत स्वीकारली आणि तिच्या आधारे राजीनामा दिला आहे, हे आपल्याला माहीत आहे. प्रकल्पाची परिस्थिती बदलू शकते हे मी समजते. मात्र सुधारित पत्रात फिक्स्ड पगार २ लाख ४० हजारांनी कमी होतो, ठिकाण बदलतं आणि सहा आठवडे विनावेतन जातात. या स्वरूपात ते मला स्वीकारता येत नाही. पुढीलपैकी एक शक्य आहे का, हे बुधवारपर्यंत कळवावं. एक : मूळ अटी आणि पुणे. दोन : शेंद्रा, पण फिक्स्ड १२ लाख, रुजू होण्याची मूळ तारीख आणि स्थलांतराचा खर्च. यापैकी काहीच शक्य नसेल, तर ऑफर कंपनीच्या कामकाजाच्या कारणास्तव बदलल्याचं पत्र आणि ३० दिवसांच्या पगाराइतकी रक्कम द्यावी, अशी विनंती आहे.'

या मेलमध्ये 'विश्वासघात', 'अव्यावसायिक', 'कायदेशीर कारवाई' हे शब्द नाहीत. मसुद्यात होते. काढण्याचं कारण सभ्यता एवढंच नाही. असा शब्द दिसला की एचआर तो मेल विधी विभागाकडे पाठवतं, आणि तिथून आठवडाभर उत्तर येत नाही. तिच्याकडे आठवडा नव्हता. जुन्या कंपनीत मुदतवाढ मिळाल्याचंही तिने लिहिलं नाही. ते खोटं बोलणं नव्हतं, विचारल्यावर तिने सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

## निष्पत्ती

बुधवारी उत्तर आलं : ठिकाण शेंद्राच, फिक्स्ड ११ लाख १० हजार, रुजू होण्याची तारीख सहाऐवजी तीन आठवडे पुढे, पंधरा दिवस राहण्याची सोय आणि सामान हलवण्याचा खर्च.

चोवीस तासांची मुदत देणारी कंपनी चार कामाच्या दिवसांत दीड लाखाने वर आली. म्हणजे फोनवर सांगितलेलं स्ट्रक्चर अंतिम नव्हतं. तरीही आकडे पाहू. हातात सुमारे ७९,०००, त्यातून भाडं गेलं की ६६,०००. सध्याच्यापेक्षा साडेतीन हजार जास्त, तेही दर आठवड्याला पुणे गाठण्याचा खर्च न धरता. शिवाय ज्या प्रकल्पासाठी तिला घेतलं होतं तोच थांबलेला, आणि परिविक्षेत ३० दिवसांची सूचना. शुक्रवारी, एकोणपन्नासाव्या दिवशी, तिने आभार मानून नकार कळवला.

३० दिवसांच्या पगाराची मागणी कंपनीने मान्य केली नाही. कारणाचं पत्र मात्र दिलं. तिने पुढे दावा केला नाही, कारण जुनी नोकरी चालू राहिल्याने सांगण्यासारखं नुकसान उरलं नव्हतं.

मिळालेल्या वेळात तिने आधी बंद केलेल्या दोन्ही मुलाखती पुन्हा उघडता येतात का ते पाहिलं. एकीकडे जागा भरली होती. दुसरीकडे, रांजणगावच्या कारखान्यात, अजून मोकळी होती. तिथे 'आता इच्छुक नाही' म्हणून गेलेली उमेदवार परत का आली, हा प्रश्न आला. तिने कारणाचं पत्र दाखवलं आणि विषय तिथेच संपला. अडुसष्टाव्या दिवशी १० लाख ८० हजार फिक्स्डची ऑफर आली, हातात सुमारे ७६,८००, घर न बदलता. या वेळी तिने पडताळणी पूर्ण झाल्याचा मेल मिळेपर्यंत जुन्या कंपनीत काही सांगितलं नाही. नव्वदाव्या दिवशी ती बाहेर पडली आणि पुढच्या सोमवारी रुजू झाली. पगारात आणि पीएफमध्ये खंड पडला नाही. विम्यात तीन दिवसांचा पडला.

## वेगळं काय करता आलं असतं

ऑफर स्वीकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी राजीनामा देण्याची गरज नव्हती. नव्या कंपनीला ती ७० दिवसांनी येते असं सांगता आलं असतं आणि पहिल्या आठवडा-दहा दिवसांत पडताळणी सुरू होते का ते पाहता आलं असतं. काही कंपन्या राजीनामा स्वीकारल्याचं पत्र मिळाल्याशिवाय पडताळणी सुरू करत नाहीत, तिथे हा उपाय चालत नाही. या कंपनीने तसं काही मागितलं नव्हतं.

चोविसाव्या दिवशी 'प्रोसेसमध्ये आहे' या उत्तरावर समाधान मानायला नको होतं. त्याच दिवशी, ज्याच्या हाताखाली काम करायचं होतं त्या व्यवस्थापकाला साधा मेल टाकायचा : 'रुजू होण्याआधी कोणत्या पुरवठादारांची माहिती वाचून ठेवू?' प्रकल्प चालू असता तर त्याने यादी पाठवली असती. तो गप्प बसला असता, तर सतरा दिवस आधी सुगावा लागला असता. तेव्हा तिच्या जागेसाठी एकही मुलाखत झालेली नव्हती, आणि कदाचित मुदतवाढीऐवजी राजीनामाच परत मिळाला असता.

दुसऱ्या दोन कंपन्यांना सरळ नकार कळवण्याऐवजी 'एक ऑफर स्वीकारली आहे, अमुक तारखेला रुजू होते आहे' असं कळवणं पुरेसं होतं. ते खरंही असतं आणि दारही उघडं राहिलं असतं. रांजणगावची जागा तिला मिळाली ती त्यांना योग्य माणूस सापडला नाही म्हणून. तिथे निव्वळ नशीब कामी आलं.

भरपाईच्या मागणीबाबत मात्र मतं वेगळी पडू शकतात. काहींच्या मते ३० दिवसांचा पगार मागून काही मिळणार नसेल तर मागायचाच कशाला. आमच्या मते ती मागणी मेलमध्ये असल्यामुळेच कारणाचं पत्र सहज मिळालं. पैसे नाकारणाऱ्याला काहीतरी द्यावंसं वाटतं, आणि पत्राला खर्च नसतो. मागायचं राहिलं ते एकच : ते पत्र कंपनीच्या लेटरहेडवर, सहीसह. तिला साधा मेल मिळाला. रांजणगावला तो चालला, पण पडताळणी करणाऱ्या एजन्सीने मूळ पत्राची प्रत मागितली तेव्हा पुन्हा तीन दिवस मागे लागावं लागलं.